इको क्लबचं पाण्याचं ऑडिट: बिलावरून काहीच कळत नाही, सुरुवात कुठून करू?

फोंड्याची_बाई

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि इको क्लब माझ्याकडे आहे. आठवी-नववीची चोवीस मुलं आहेत. यंदा शाळेचं पर्यावरण ऑडिट करायचं ठरलंय: कचरा, पाणी, वीज, तिन्ही. मुलांनीच मतदान करून पाणी पहिलं घेतलं, कारण गेल्या एप्रिलमध्ये दोन दिवस नळ कोरडे होते ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

आम्ही ऑफिसातून वर्षभराची पाण्याची बिलं घेतली आणि आलेख काढला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वापर उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी दिसतो. मुलांना वाटलं, पावसात आपण पाणी वाचवतो. मला ते पटत नाही. मुलं तीच, शाळा तीच, पाय तर पावसात जास्त चिखलाचे असतात. पटसंख्या ४१२, आम्ही शिक्षक-कर्मचारी मिळून २१. ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पाचं पाणी नळाला येतं, ते जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्यांत चढवतात, प्रत्येकी दोन हजार लिटरच्या. आवारात विहीरही आहे.

बिलापलीकडे काय मोजायचं आणि कसं, कुणी केलं असेल तर सांगा.

म्हापश्याचा_बाबू

बाई, सोपी युक्ती आहे. शाळा सुटल्यावर सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून घ्या, सकाळी शाळा भरायच्या आधी परत बघा. आकडा वाढला तर गळती. मीटरवर एक छोटं चाक असतं, ते थेंबभर पाणी गेलं तरी फिरतं. मी घरी असंच पकडलं होतं, जमिनीखालची पाइप फुटलेली निघाली.

साळावली_काठ

आमच्या सोसायटीत मडगावला बिल अचानक दुप्पट आलं होतं. तीन महिने अर्ज दिले, मीटर बदलून घेतला, तरी बिल तेवढंच. शेवटी कळलं की तळमजल्यावरच्या एका बंद फ्लॅटचा नळ उघडा राहिला होता. तुमच्या शाळेला रेनवॉटर हार्वेस्टिंग करायचं असेल तर आमच्या सोसायटीचा अनुभव लिहू शकते. आमच्याकडे गच्चीचं पाणी बोअरवेलच्या खड्ड्यात सोडलंय.

फोंड्याची_बाई

ताई, हार्वेस्टिंगचा विचार पुढे करू, तेव्हा नक्की विचारेन. सध्या फक्त किती पाणी येतं आणि कुठे जातं एवढंच शोधतोय.

बाबू, कालच करून पाहिलं. दुपारी २ ला आकडा घेतला, सकाळी ७ ला परत. १,८०० लिटरने वाढला! मुलं घाबरली. मीही थोडी घाबरले.

जुना_मेकॅनिक

बाई, घाबरू नका. मी पाणीपुरवठ्याच्या कामात तीस वर्षं होतो, आता घरी आहे. बाबूने सांगितलं ते घरासाठी बरोबर, पण तिथे नळ थेट मीटरनंतरच्या लाइनीवर असतील तरच. तुमच्या शाळेत मधे संप आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, ठरावीक वेळी येतं, आणि बऱ्याच गावांत ते रात्री किंवा पहाटे येतं. मुलांनी दिवसभर संप रिकामा केला, पहाटे पाणी आलं, बॉलकॉक उघडा होता, संप भरला. तुमचे १,८०० लिटर बहुतेक तेच आहेत. मीटर संप किती भरला ते सांगतो, शाळेने किती वापरलं ते सांगत नाही. वापर आणि गळती दोन्ही संपच्या पलीकडे आहेत.

दुसरं, पावसात बिल कमी का, याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: आवारात विहीर आहे. तिच्यावर पंप आहे का? आणि त्याचं पाणी कुठे पडतं?

फोंड्याची_बाई

आज शिपाईकाकांना विचारलं. पंप आहे. पाऊस सुरू झाल्यावर विहीर भरली की ते विहिरीचं पाणी सरळ संपमध्ये सोडतात, नळाच्या पाण्याची वाट बघत नाहीत. साधारण ऑक्टोबर संपेपर्यंत. म्हणजे बिलात दिसणारी बचत मुळात बचत नव्हतीच. मुलांचा आलेख भिंतीवरून काढला नाही, त्याच्याखाली लिहायला लावलं: "हा नळाच्या पाण्याचा आलेख आहे, वापराचा नाही." शीर्षक बदललं तसा आलेखाचा अर्थ बदलला, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडलं, मला ते फार आवडलं.

काका, मग गळती मोजायची कशी?

जुना_मेकॅनिक

गच्चीवरच्या टाकीत मोजायची. शनिवारी शाळा सुटली की दोन्ही टाक्या भरून घ्या, मोटर बंद करा आणि मोटरच्या स्विचवर कागद चिकटवा, नाहीतर कुणीतरी सवयीने चालू करतो. मग काठी टाकीत उभी सोडा, पाण्याची पातळी खडूने खुणा. सोमवारी सकाळी पहिलं मूल संडासात जायच्या आधी परत काठी. पातळी जेवढी उतरली तेवढं पाणी कुणी न वापरता गेलं. झाकण बंद असेल तर बाष्पीभवनाचा हिशेब धरण्याएवढा नसतो.

सेंटिमीटरचे लिटर करायला टाकीचा घेर टेपने मोजा. दोन कड्यांच्या मधल्या सपाट जागी मोजा, कड्यावरून मोजलात तर घेर जास्त येतो आणि लिटर फुगतात. टाकीवर छापलेली दोन हजारांची संख्या पूर्ण काठापर्यंतची असते, त्यावरून उंचीला भागू नका. वरचा भाग निमुळता असतो, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे कमी पाणी. त्यामुळे टाकी गळ्यापर्यंत भरू नका, सरळ भागातच खूण येऊ दे.

एक सूचना. गच्चीवर मुलांना टाकीच्या तोंडाशी वाकू देऊ नका. काठी मोठ्या माणसाने धरायची, मुलांनी आकडे घ्यायचे.

डिचोलीचे_सर

मी हे वाचत होतो, थोडं बाजूचं सांगतो. आमच्या शाळेने कचऱ्याचं ऑडिट केलं तेव्हा असाच घोळ झाला. आठवडाभर ओला-सुका वेगळा करून काट्यावर वजन केलं आणि जुलैत करून बसलो. कागद-पुठ्ठा उघड्यावर ठेवलेला, पावसाचं पाणी पिऊन तिप्पट जड. पुठ्ठ्याचं वजन कोरड्या दिवसांत करा किंवा आत ठेवून करा, नाहीतर अहवालात तुमची शाळा पुठ्ठ्याचा कारखाना दिसेल. तुमचं पाण्याचं संपलं की कचऱ्याचा धागा वेगळा काढा, त्यात लिहितो.

फोंड्याची_बाई

पहिला शनिवार-रविवार झाला. घेर ४ मीटर २७ सेंटिमीटर आला. नववीच्या मुलांनी घेराच्या वर्गाला चार पायने भागलं, तळाचं क्षेत्रफळ सुमारे १.४५ चौरस मीटर. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की साडेचौदा लिटर गेले. हा साडेचौदा आकडा आता क्लबमध्ये पाढ्यासारखा पाठ आहे.

मुलग्यांच्या बाजूची टाकी ९ सेंटिमीटर उतरली. मुलींच्या बाजूची ६१! हिशेब करून फळ्यावर लिहिला, मुख्याध्यापकांना बोलावलं, आणि मग शिपाईकाका म्हणाले, बाई, रविवारी मैदानावर गावची क्रिकेट मॅच होती, पोरं हातपाय धुवायला, पाणी प्यायला आत येत होती, मीच गेट उघडलं. सगळं पुसावं लागलं. येत्या शनिवारी संडासांना कुलूप, बाहेरच्या नळांच्या तोट्या दोरीने बांधणार आणि गेटवर पाटी लावणार.

म्हापश्याचा_बाबू

तरी पण ६१ म्हणजे जवळजवळ ९०० लिटर. क्रिकेटवाल्यांनी ९०० लिटर वापरले? बावीस माणसं आणि बघणारे, माणशी पाच-सात लिटर धरले तरी दोन-अडीचशे. काहीतरी गळतंय नक्की.

जुना_मेकॅनिक

बाबूचा अंदाज बरोबर दिशेला आहे. पण अंदाजावर थांबू नका, परत मोजा.

फोंड्याची_बाई

परत मोजलं. शनिवारी दुपारी दीड ते सोमवारी सकाळी साडेसात, ४२ तास. या वेळी आवारात कुणी नव्हतं.

मुलग्यांची टाकी १ सेंटिमीटर. ती काठीची चूकही असू शकते, ओली खूण तेवढी पसरते. मुलींची टाकी ४७ सेंटिमीटर. ४७ गुणिले साडेचौदा, सुमारे ६८० लिटर. ४२ तासांनी भागलं, तर ताशी १६ लिटरपेक्षा थोडं जास्त. दिवसाला ३९० लिटरच्या आसपास. एका मुलीने लगेच महिन्याचा हिशेब केला, साडेअकरा हजार लिटरच्या वर. शाळा बंद असली तरी हे चालूच राहणार.

पण आम्हाला एकही नळ टिपकताना दिसत नाही. सगळे नळ कोरडे. भिंतीला ओल नाही. गेलं कुठे?

जुना_मेकॅनिक

ताशी १६ लिटर म्हणजे मिनिटाला पाव लिटरभर. एवढं पाणी नळातून गेलं असतं तर धार दिसली असती. भिंतीत गेलं असतं तर ओल आली असती. न दिसता जाणारी जागा शाळेत एकच असते: फ्लशच्या टाकीतून भांड्यात. भांडं ओलंच असतं, मागच्या बाजूने पातळ पापुद्रा उतरत राहतो, कुणाला कळत नाही.

पण आधी लाइन ओळखा. टाकीतून खाली किती पाइपा उतरतात? प्रत्येकीला कॉक असेल. एका रात्री संडासाची लाइन बंद, दुसऱ्या रात्री फक्त ती चालू, बाकी बंद. दोन रात्रींत कळेल.

फोंड्याची_बाई

दोन लाइनी आहेत: एक मुलींच्या संडासांना, एक वरच्या मजल्यावरच्या बेसिनांना. संध्याकाळी ५ ते सकाळी साडेसात असं मोजलं. संडासाची लाइन बंद असताना पातळी अर्धा सेंटिमीटर उतरली. ती चालू आणि बेसिनची बंद असताना १६ सेंटिमीटर. १६ गुणिले साडेचौदा, २३२ लिटर, साडेचौदा तासांत. म्हणजे परत ताशी १६! दोन वेगळ्या पद्धतींनी एकच आकडा आल्यावर मुलांनी वर्गात टाळ्या वाजवल्या. मीही.

आता सहा फ्लशपैकी कोणता?

साळावली_काठ

हळद टाका टाकीत. माझ्या सासूबाई असंच बघायच्या.

जुना_मेकॅनिक

ताई, हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, आणि वॉशर तळालाच असतो, त्यामुळे कधी गळती नसतानाही कडेला पिवळं दिसतं, कधी असूनही दिसत नाही. बाजारात मिळणारा खायचा लाल किंवा निळा रंग वापरा, चिमूटभर. फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. आधी भांडं कागदाने कोरडं करा. भांड्यात रंग उतरला तर ती टाकी.

रंग उतरला तरी कारणं दोन असतात. एक, तळाचा वॉशर कडक झालाय किंवा त्याखाली कचरा अडकलाय. दोन, बॉल वर बसतो, पाणी थांबतच नाही आणि आतल्या उभ्या नळीतून जास्तीचं पाणी भांड्यात पडतं. टाकीचं झाकण काढून बघा: पाण्याची पातळी उभ्या नळीच्या तोंडाला टेकली असेल तर बॉलचा दोष, खाली असेल तर वॉशरचा. बॉलचा असेल तर दांडी किंचित खाली वाकवून किंवा स्क्रू फिरवून भागतं, प्लंबरही लागत नाही.

फोंड्याची_बाई

देव बरें करूं, काका. निळा रंग टाकला. सहापैकी दोन टाक्यांच्या भांड्यात रंग उतरला. तिसऱ्या भांड्यात सात मिनिटांत, गडद. पाचव्यात वीस मिनिटांनी, अगदी फिकट. तिसरीचं झाकण काढलं तर पाणी उभ्या नळीच्या काठावरून थरथरत आत जात होतं. एका मुलीने बोटाने बॉलची दांडी वर उचलली आणि आवाज थांबला. तोवर आम्हाला तिथे आवाज आहे हेच कळलं नव्हतं. ती मुलगी म्हणाली, "बाई, मला वाटायचं संडासात असा आवाज असतोच."

पाचवीचा वॉशर कडक झाला होता, प्लंबरने बदलला. तिसरीचा बॉल नीट केला. गेल्या शनिवार-रविवारी परत मोजलं: ४७ च्या जागी ३ सेंटिमीटर. सुमारे ४३ लिटर. हे तीन कुठून येतात ते अजून कळलेलं नाही.

म्हापश्याचा_बाबू

अभिनंदन. आता शाळेचा माणशी वापरही काढा ना. शाळांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ११७२, दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर. तुमचा आकडा त्याखाली आला तर सरळ लिहा की शाळा पाणी जपून वापरते.

फोंड्याची_बाई

काढलाय. दोन आठवडे विहिरीचा पंप बंद ठेवला आणि फक्त नळाचं पाणी घेतलं, म्हणजे मीटर पूर्ण हिशेब देईल. संपची पातळी सोमवारी आणि शनिवारी सकाळी सारखीच होती, ते बघून घेतलं. पाच दिवसांत १९.६ घनमीटर. त्यातली पाच दिवसांची गळती १.९ घनमीटर, कारण हे दुरुस्तीच्या आधीचं आहे. उरलेले १७.७ घनमीटर, पाच दिवस आणि ४३३ माणसं, माणशी रोज ८ लिटरच्या आसपास.

४५ च्या पुढे ८. मुख्याध्यापक खूश झाले. अहवालाच्या पहिल्या पानावर टाकू या म्हणतात.

नववीची_आई

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझी मुलगी अशाच एका हायस्कुलात आहे. सकाळी साडेसातला घरून निघते, दीडला सुटते, घरी येऊन आधी बाथरूमला धावते. बाटली भरलेली तशीच परत येते. विचारलं तर म्हणते, संडासात पाणी नसतं, कडी नाही, रांग असते, म्हणून पाणीच पीत नाही. दोनदा लघवीच्या त्रासाने डॉक्टरकडे नेलं. तुमचे ८ लिटर जपून वापरल्यामुळे आहेत की माझ्या मुलीसारख्या मुलींमुळे, हे अहवालात कसं कळणार?

जुना_मेकॅनिक

ताईंचा प्रश्न नेमका आहे. ४५ चा आकडा शाळा बांधताना टाकी आणि पाइप केवढी ठेवायची यासाठी धरतात, वापराची परीक्षा म्हणून नाही. त्यातला मोठा भाग फ्लशचा असतो. शिवाय तुमची शाळा साडेपाच तासांची, आणि माध्यान्ह आहार बहुधा बचत गटाच्या बायका शिजवून आणतात, म्हणजे भांडी धुण्याचं पाणी त्यांच्या घरी जातं. ते कमी असणं योग्यच. पण तेवढ्यानेही ८ पटकन पटत नाही. फ्लशच्या एका ओढीला जुन्या टाकीत दहा लिटर जातात. रोज प्रत्येकाने एकदा फ्लश केलं तरी तुमचा आकडा याहून वर गेला असता. म्हणजे फ्लश होत नाहीय.

फोंड्याची_बाई

तुम्ही दोघांनी जे लिहिलं ते मुलींना विचारायला मला दोन दिवस लागले, धीर गोळा करावा लागला.

आधी टाक्या पाहिल्या. सहापैकी दोन फ्लशच्या साखळ्या तुटलेल्या, म्हणजे ओढताच येत नाहीत, बादलीही नाही. मग मुलींनीच सुचवलं, मधल्या सुट्टीत दाराबाहेर दोघी उभ्या राहून फक्त आत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या मोजतील, नावं नाहीत. वीस मिनिटांच्या सुट्टीत २०५ मुलींपैकी ३१ आत गेल्या. १४ रांग बघून परत वळल्या. बाकीच्या आल्याच नाहीत. तीन दिवस साधारण असंच. चिठ्ठीवर नाव न घालता विचारलं, शाळेत पाणी पिता का. पाणी टाळणाऱ्यांच्या चिठ्ठ्या अर्ध्याहून जास्त निघाल्या. एका चिठ्ठीवर फक्त "कडी लावा" लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांशी बोलले. ८ लिटरचं वाक्य पहिल्या पानावरून काढलं. त्याऐवजी गळती, बंद फ्लश आणि मोजलेल्या मुलींचे आकडे एका पानावर एकत्र राहतील. दुरुस्तीनंतर वापर वाढेल, हेही लिहिलंय, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी ते अपयश समजणार नाही. साखळ्या आणि तीन दारांच्या कड्या शुक्रवारी बसल्या.

म्हापश्याचा_बाबू

मी ४५ चं चुकीच्या जागी लावलं. तरी कुठला तरी आकडा तुलनेला हवा ना? नाहीतर दर शाळा आपापलं कारण सांगेल.

डिचोलीचे_सर

तुलना स्वतःशीच करा, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, त्याच महिन्यात. दुसऱ्या शाळेशी लावायची असेल तर तिचे तास, आहार, बाग, फ्लश सगळं जुळायला हवं, आणि ते कधी जुळत नाही.

म्हापश्याचा_बाबू

सर, मला हे पूर्ण पटत नाही. आमच्या बार्देशात दोन शाळा एकाच कंपाउंडात आहेत, तिथे तुलना का करू नये? पण तो वेगळा वाद.

जुना_मेकॅनिक

बाई, एक गोष्ट राहिली. संप तपासला का? गच्चीचा हिशेब लागला पण मीटर ते मोटर मधला भाग उरला. शनिवारी मीटरजवळचा कॉक बंद करा, मोटर बंद, संपची पातळी घ्या, सोमवारी परत. मीटरचा आकडाही दोन्ही वेळा घ्या, कॉक पाणी सोडतोय का ते कळेल. संपचं झाकण मुलांना उघडू देऊ नका आणि आत कुणालाही उतरवू नका.

फोंड्याची_बाई

केलं, आणि आता आम्ही खरंच गोंधळलोय. संप ३ मीटर बाय २ मीटर, म्हणजे १ सेंटिमीटरला ६० लिटर. आम्हाला पातळी उतरेल असं वाटत होतं. ती २ सेंटिमीटर वाढली! मीटरचा आकडा जसाच्या तसा, शेवटच्या लाल काट्यापर्यंत. विहिरीचा पंप बंद, त्याची पाइप शिपाईकाकांनी संपच्या तोंडातून बाहेर काढून ठेवली होती. पाऊसही नव्हता. १२० लिटर आले कुठून?

जुना_मेकॅनिक

जमिनीतून. पावसानंतर आपल्याकडे जांभ्यात पाणी वर आलेलं असतं, तुमची विहीर किती भरलीय बघा. विहिरीतली पातळी संपच्या पाण्याहून वर असेल आणि संपला तडा असेल तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं. एप्रिलमध्ये विहीर खाली गेली की त्याच तड्यातून उलट दिशेने बाहेर जाईल. म्हणून संपची चाचणी एकदाच करून "गळत नाही" असं लिहू नये, दोन ऋतूंत करावी.

पण लिटरांचा विचार आता बाजूला ठेवा. आत येणारं पाणी मातीतून येतंय. संडासाचा सोकपिट संपपासून किती लांब आहे?

फोंड्याची_बाई

मोजलं. नऊ पावलं. माझी पावलं.

जुना_मेकॅनिक

पिण्याचं पाणी त्याच संपमधून जातं?

फोंड्याची_बाई

हो. गच्चीवरून फिल्टरला.

जुना_मेकॅनिक

आजच मुख्याध्यापकांना सांगा. पिण्याची लाइन मीटरनंतर लगेच थेट नळावर घेता येते का ते प्लंबर बघेल, तोवर मुलांना घरचं पाणी आणायला सांगा. पाणी तपासायला पाठवा. शाळेतल्या शाळेत पहिली चाचणी करायची तर काळी पडणारी बाटली मिळते, पाणी भरून कोमट जागी ठेवायची, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळी होते. काळी झाली नाही म्हणून पाणी निर्धोक असं मात्र नाही. दोन भरा: एक संपची, एक मीटरजवळच्या नळाची. दोन्ही काळ्या झाल्या तर तक्रार वेगळी, एकच झाली तर वेगळी.

नववीची_आई

बाई, कृपया हे इथे लिहीत राहा.

फोंड्याची_बाई

दोन बाटल्या परवा सकाळी भरल्या, प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या, मुलांनी वर तारीख आणि जागा लिहिलीय. मुलं मधल्या सुट्टीत बघून येतात. आज सकाळी नळाची बाटली होती तशीच होती. संपची तळापासून काळी झाली.

पाणी घरून आणण्याची सूचना वर्गावर्गात गेली. अधिकृत तपासणीसाठी नमुना उद्या जाणार. संप रिकामा करून तडा शोधायचा, की बंदच करून वर नवी टाकी बसवायची, यावर उद्या पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. खर्च कोण करणार हे ठरलेलं नाही. काका, बैठकीत तुमचा मुद्दा, म्हणजे विहीर खाली गेल्यावर एप्रिलमध्ये परत मोजायचं, तो मुलं मांडणार आहेत. सेंटिमीटरला ६० लिटर, हा पाढा त्यांनी आता नवीन पाठ केलाय.